घरविक्रीचा नफा, त्यावरचा कर आणि पुनर्गुंतवणुकीचा हिशेब

राहते घर विकून जो नफा होतो तो आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली नफा असतो. घर किती काळ मालकीचे होते, यावर त्याचा कर ठरतो. खरेदीपासून 24 महिने पुरे होण्याआधी घर विकले तर नफा अल्पकालीन समजला जातो आणि पगार किंवा पेन्शनसारख्या इतर उत्पन्नात मिळवून त्यावर नेहमीच्या टप्प्यांनुसार कर लागतो. अशा नफ्याला पुनर्गुंतवणुकीची कोणतीही सूट मिळत नाही. 24 महिन्यांनंतर विकलेल्या घराचा नफा दीर्घकालीन ठरतो. त्याला वेगळा, ठरावीक दर आहे आणि तो नफा दुसऱ्या घरात किंवा ठरावीक रोख्यांत गुंतवला तर त्यावरचा कर काही अंशी किंवा पूर्ण वाचतो. बहुतेक कुटुंबे दहा-वीस वर्षे वापरलेले घर विकतात, त्यामुळे त्यांचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी येतो.

कर विक्रीच्या सगळ्या रकमेवर नसून नफ्यावर असतो. पुनर्गुंतवणुकीची गरजही नफ्याएवढीच असते. हे ठाऊक नसल्याने अनेक जण विक्रीची पूर्ण रक्कम अडकवून ठेवतात, तर काही जण सगळे पैसे साध्या मुदत ठेवीत टाकून सूट गमावतात. म्हणून आधी नफा नेमका किती हे ठरवावे लागते.

नफा कसा काढतात

विक्रीच्या किमतीतून विक्रीसाठी झालेला खर्च, म्हणजे दलाली, वकिलाचे शुल्क वगैरे, आधी वजा होतो. मग घराची मूळ किंमत वजा होते. या मूळ किमतीत करारनाम्यातली रक्कम असतेच. शिवाय खरेदीच्या वेळी भरलेले मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्कही धरता येते. पुढे घरात केलेली कायमस्वरूपी सुधारणा, उदाहरणार्थ वाढवलेली खोली, हीही पावत्या असतील तर धरता येते. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी यांत येत नाही. गृहकर्जाचे जे व्याज पूर्वी उत्पन्नातून वजा करून घेतले, तेच पुन्हा घराच्या किमतीत मिळवण्याची वाट आता कायद्याने बंद केली आहे.

घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असेल तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरण्याची मुभा आहे. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेतात. मात्र त्या तारखेचे मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य उपलब्ध असेल तर अहवालातली किंमत त्याहून जास्त धरता येत नाही. वडिलोपार्जित घराच्या बाबतीत वारसाला घर फुकट मिळाले, म्हणून किंमत शून्य, असे होत नाही. आई-वडिलांनी किंवा आजोबांनी ज्या किमतीला घर घेतले तीच वारसाची किंमत मानली जाते आणि त्यांच्या मालकीचा काळही मोजला जातो. महागाईचा हिशेबही मूळ मालकाने घर घेतले त्या वर्षापासूनच करायचा, हे मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शाह प्रकरणात स्पष्ट केले आहे.

विक्रीच्या किमतीलाही एक कुंपण आहे. महाराष्ट्रात दरवर्षी जाहीर होणाऱ्या बाजारमूल्य दर तक्त्यांना लोक रेडी रेकनर म्हणतात. त्यानुसार येणारे मूल्य प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक असेल, तर कराच्या हिशेबात विक्रीची किंमत म्हणून रेडी रेकनरचेच मूल्य धरतात. समजा घर 1 कोटीला विकले आणि रेडी रेकनरचे मूल्य 1 कोटी 8 लाख आहे, तर फरक मर्यादेत आहे आणि 1 कोटीच धरले जातील. तेच मूल्य 1 कोटी 15 लाख असेल तर हातात न आलेल्या 15 लाखांवरही कर बसतो. म्हणून भाव ठरवण्याआधी त्या इमारतीचा त्या वर्षीचा दर पाहून ठेवावा.

दोन दर आणि त्यांची तुलना

23 जुलै 2024 पूर्वी घरविक्रीच्या दीर्घकालीन नफ्यावर 20 टक्के दर होता, पण मूळ किंमत महागाई निर्देशांकानुसार वाढवून घेता येत होती. याला इंडेक्सेशन म्हणतात. 2001-02 या वर्षाचा निर्देशांक 100 धरलेला आहे. 2004-05 चा 113, 2012-13 चा 200 आणि 2025-26 चा 376. म्हणजे 2012-13 मध्ये 40 लाखांना घेतलेले घर 2025-26 मध्ये विकले, तर त्याची वाढीव किंमत 40 लाख गुणिले 376 भागिले 200, म्हणजे 75 लाख 20 हजार धरली जाई.

2024 च्या अर्थसंकल्पाने इंडेक्सेशन काढून टाकले आणि दर साडेबारा टक्के केला. जुनी घरे असलेल्यांकडून हरकती आल्यावर सरकारने एक दिलासा दिला. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत विकणाऱ्या भारतातील निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्ही पद्धतींनी कर काढता येतो आणि ज्या पद्धतीने कमी येईल तेवढाच भरावा लागतो. जुन्या पद्धतीने तोटा दिसत असेल तर कर शून्य होतो, पण तो तोटा पुढे ओढता येत नाही. हा दिलासा अनिवासी भारतीयांना नाही. 23 जुलै 2024 ला किंवा त्यानंतर घेतलेल्या घरांनाही नाही. त्यांच्यासाठी साडेबारा टक्के हा एकच दर आहे.

यावर 4 टक्के उपकर लागतो आणि वर्षाचे एकूण उत्पन्न 50 लाखांवर गेले तर अधिभारही लागतो. पगार-पेन्शनवाल्यांना नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही ही सवलत घरविक्रीच्या नफ्याला लागू होत नाही. नवी करपद्धत निवडली म्हणून पुनर्गुंतवणुकीची सूट मात्र जात नाही. ती दोन्ही पद्धतींत मिळते.

एक हिशेब

पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, आकडे मात्र नियमांप्रमाणे आहेत. त्यांनी 2004-05 मध्ये उपनगरात एक फ्लॅट घेतला होता. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून त्याला 12 लाख पडले. 14 नोव्हेंबर 2025 रोजी तो 1 कोटीला विकला गेला आणि दलालीपोटी 1 लाख गेले. दलाली वजा जाता 99 लाख उरले.

नव्या पद्धतीने नफा होतो 99 वजा 12, म्हणजे 87 लाख. त्याचे साडेबारा टक्के 10 लाख 87 हजार 500 रुपये. जुन्या पद्धतीने मूळ 12 लाखांची किंमत वाढून सुमारे 39 लाख 93 हजार होते, म्हणून नफा सुमारे 59 लाख 7 हजार उरतो. त्याचे 20 टक्के सुमारे 11 लाख 81 हजार. म्हणजे काहीच गुंतवणूक केली नाही तर नवी पद्धत सुमारे 94 हजारांनी स्वस्त पडते. घराचा भाव मूळ किमतीच्या सातपटीहून अधिक वाढल्यामुळे इथे इंडेक्सेशन मागे पडले. वर पाहिलेले 2012-13 चे 40 लाखांचे घर 95 लाखांना विकले असते, तर नव्या पद्धतीने कर 6 लाख 87 हजार 500 आला असता आणि जुन्या पद्धतीने 3 लाख 96 हजार. कोणती पद्धत बरी, हे आधीपासून ठरवून टाकता येत नाही. प्रत्येक घराचे दोन्ही हिशेब मांडावेच लागतात.

या बाईंना नाशिकला मुलीजवळ राहायला जायचे आहे आणि तिथे सगळ्या खर्चासह 40 लाखांत पडणारा फ्लॅट त्यांनी पाहिला आहे. या 40 लाखांचे काय होते, ते पुढे येईल. त्याआधी कायद्यातली सूट समजून घेऊ.

घरासाठी घर: कलम 54

1961 च्या आयकर कायद्यातले कलम 54 सांगते, की दीर्घकालीन निवासी घर विकून झालेल्या नफ्यातून भारतात एक निवासी घर घेतले किंवा बांधले, तर नव्या घरावर झालेल्या खर्चाएवढा नफा करमुक्त राहतो. खर्च नफ्याएवढा किंवा जास्त असेल तर सारा नफा सुटतो; कमी असेल तर उरलेल्यावर कर लागतो. ही सूट व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना मिळते, कंपन्यांना किंवा भागीदारी संस्थांना नाही. एका घराच्या बदल्यात जास्तीत जास्त 10 कोटींपर्यंतची रक्कम हिशेबात धरली जाते. नफा 2 कोटींच्या आत असेल तर एकाऐवजी दोन घरे घेऊनही सूट मिळते, पण हा पर्याय आयुष्यात एकदाच वापरता येतो. मोठे घर विकून दोन मुलांसाठी दोन लहान घरे घेणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

मुदत तीन प्रकारे मोजतात. तयार घर विक्रीच्या आधी 1 वर्षाच्या आत घेतलेले चालते किंवा विक्रीनंतर 2 वर्षांच्या आत घ्यावे लागते. घर बांधायचे असेल तर विक्रीनंतर 3 वर्षे मिळतात. आपल्या उदाहरणात विक्री 14 नोव्हेंबर 2025 ची आहे. त्यामुळे 14 नोव्हेंबर 2024 पासून 13 नोव्हेंबर 2027 पर्यंत घेतलेले तयार घर चालेल आणि बांधकाम 13 नोव्हेंबर 2028 पर्यंत पुरे व्हावे लागेल.

बिल्डरकडून बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेणे ही खरेदी की बांधकाम, यावर वाद झाले आहेत. हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतलेला असा फ्लॅट न्यायनिवाड्यांत बहुधा बांधकामात धरला गेला आहे, म्हणून तिथे 3 वर्षांची मुदत मिळते. अडचण येते ती ताबा लांबला की. विक्रेत्याने पैसे वेळेत भरले असतील आणि उशीर बिल्डरमुळे झाला असेल, तर न्यायाधिकरणांनी अनेकदा करदात्याच्या बाजूने निकाल दिले आहेत. पण कायद्याच्या शब्दांत मुदतवाढ नाही, आणि तो वाद वर्षानुवर्षे लढावा लागतो. ज्या प्रकल्पाची महारेराकडे दिलेली पूर्णत्वाची तारीख 3 वर्षांच्या काठावर आहे, तो प्रकल्प या कामासाठी टाळलेला बरा.

विक्रीतून आलेला तोच पैसा नव्या घरात गेला पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. विक्रीच्या आधीच कर्ज काढून किंवा साठवलेल्या पैशांतून नवे घर घेतले असेल आणि ते मुदतीत बसत असेल, तरी सूट मागता येते. नव्या घराच्या मालकीबाबत मात्र महाराष्ट्रात जपून राहावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने नवे घर विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर असावे अशी काटेकोर भूमिका घेतलेली आहे. काही इतर उच्च न्यायालये पत्नीच्या नावाच्या घरालाही मान्यता देतात. घर थेट मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर घेतले तर सूट धोक्यात येते. विक्रेत्याचे नाव पहिल्या मालकाचे असावे आणि पैसेही त्याच्याच खात्यातून जावेत, ही सरळ वाट आहे.

नवे घर 3 वर्षे विकायचे नाही, ही शेवटची अट. ती मोडली तर आधी वाचलेला नफा नव्या घराच्या किमतीतून वजा केला जातो. आपल्या उदाहरणातला नाशिकचा 40 लाखांचा फ्लॅट दोन वर्षांच्या आतच 48 लाखांना विकला, तर त्याची किंमत शून्य धरली जाईल आणि पूर्ण 48 लाखांचा नफा अल्पकालीन म्हणून इतर उत्पन्नात मिळवला जाईल. साडेबारा टक्क्यांचा कर वाचवायला निघालेल्या माणसाला त्यातल्या मोठ्या भागावर तीस टक्के भरावे लागतील.

कलम 54 हे फक्त निवासी घराच्या विक्रीसाठी आहे. प्लॉट, दुकान किंवा सोने विकून घर घेणाऱ्यांसाठी कलम 54एफ आहे आणि त्याचा नियम वेगळा आहे. तिथे फक्त नफा गुंतवून भागत नाही. पूर्ण सूट हवी असेल तर विक्रीची खर्च वजा जाता उरलेली सगळी रक्कम घरात घालावी लागते. कमी घातली तर सूट त्या प्रमाणात मिळते. शिवाय विक्रीच्या दिवशी विक्रेत्याकडे एकापेक्षा जास्त निवासी घरे असतील तर ही सूट मिळत नाही. फ्लॅट आणि प्लॉट यांचे नियम एकच समजण्याची चूक वारंवार होते.

रोखे: कलम 54ईसी

ज्यांना पुन्हा घर नको आहे, किंवा नवे घर नफ्यापेक्षा स्वस्त आहे, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग ठरावीक सरकारी संस्थांच्या रोख्यांचा आहे. आरईसी, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन आणि अलीकडे हुडको यांसारख्या संस्था असे रोखे काढतात. जमीन किंवा इमारत विकून झालेला दीर्घकालीन नफा त्यांत गुंतवता येतो. कमाल मर्यादा 50 लाख आहे. विक्रीचे वर्ष आणि पुढचे वर्ष मिळून ही एकच मर्यादा आहे. मार्च आणि एप्रिलमध्ये 50-50 लाख गुंतवण्याची पूर्वीची वाट बंद झाली आहे. घर पती-पत्नी दोघांच्या मालकीचे असेल आणि दोघांनीही ते खरेच पैसे घालून घेतले असेल, तर प्रत्येकाचा नफा वेगळा मोजला जातो आणि प्रत्येकाला स्वतःची 50 लाखांची मर्यादा मिळते.

मुदत विक्रीच्या तारखेपासून 6 महिने आहे, आणि चुका याच मुदतीबाबत सर्वांत जास्त होतात. ती आर्थिक वर्षाशी किंवा विवरणपत्राच्या तारखेशी बांधलेली नाही. आपल्या उदाहरणात ती मे 2026 च्या मध्यावर संपते. जुलैमध्ये सीएकडे कागद घेऊन गेल्यावर रोख्यांची आठवण झाली तर काहीच करता येत नाही. रोखे 5 वर्षे विकता येत नाहीत आणि त्यांच्यावर कर्जही काढता येत नाही. कर्ज काढले तर रोखे मोडले असे समजून सूट परत घेतली जाते. व्याज सध्या वर्षाला 5.25 टक्के मिळते आणि ते करपात्र आहे.

उदाहरणातला हिशेब पुन्हा

नाशिकचे 40 लाखांचे घर घेतल्यावर शिक्षिकाबाईंचा हिशेब बदलतो. नव्या पद्धतीने 87 लाखांतून 40 लाख गेले की 47 लाख उरतात आणि कर होतो 5 लाख 87 हजार 500. जुन्या पद्धतीने 59 लाख 7 हजारांतून 40 लाख गेले की 19 लाख 7 हजार उरतात आणि 20 टक्क्यांनी कर होतो सुमारे 3 लाख 81 हजार. गुंतवणुकीआधी महाग वाटणारी जुनी पद्धत गुंतवणुकीनंतर दोन लाखांहून अधिक स्वस्त झाली.

असे होण्याचे कारण सोपे आहे. पुनर्गुंतवणुकीची सूट दोन्ही हिशेबांत सारख्याच रुपयांनी वजा होते, पण जुन्या पद्धतीत मुळातला नफा लहान असल्याने तो आधी संपतो. कायद्याची भाषाही तशीच आहे: नव्या दराने येणारा कर जुन्या तरतुदींनुसार येणाऱ्या करापेक्षा जास्त असेल, तर तो जास्तीचा भाग सोडून द्यावा. जुन्या तरतुदींमध्ये कलम 54 आणि 54ईसी यांची सूट होतीच. म्हणून दोन दरांची तुलना गुंतवणुकीच्या आधी करून थांबू नये. गुंतवणूक वजा करून ती पुन्हा करावी.

आता रोख्यांचा निर्णय. बाईंनी 19 लाख 10 हजारांचे रोखे घेतले, तर जुन्या पद्धतीचा उरलेला सारा नफा संपतो आणि त्या हिशेबाने कर शून्य होतो. फक्त नवी पद्धत डोळ्यांसमोर ठेवली असती, तर त्यांना 47 लाख गुंतवावेत असे वाटले असते, आणि 28 लाख विनाकारण पाच वर्षे अडकले असते. अनिवासी विक्रेत्याला मात्र खरोखर पूर्ण 87 लाखांचीच सोय करावी लागेल, कारण त्याला तुलनेचा हक्क नाही.

रोखे घ्यावेत की कर भरून मोकळे व्हावे, हेही आकड्यांनी तपासता येते. रोखे घेतले नाहीत तर उपकरासह सुमारे 3 लाख 97 हजार कर जातो आणि 19 लाख 10 हजारांतले 15 लाख 13 हजार हातात राहतात. ते 7 टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर वर्षाला सुमारे 1 लाख 6 हजार व्याज येईल. रोख्यांवर 5.25 टक्क्यांनी सुमारे 1 लाख येते. वर्षाला सहा हजारांच्या आसपास कमी व्याज घेऊन पाच वर्षांनंतर जवळजवळ चार लाख रुपये अधिक मुद्दल परत मिळते. इथे रोखे सरळ फायद्याचे आहेत. पण पाच वर्षांत आजारपण किंवा घरातले लग्न यांसाठी हाच पैसा लागणार असेल, तर तो अडकवणे महागात पडेल. तेव्हा गरजेपुरता भाग मोकळा ठेवून तेवढ्यावर कर भरणे शहाणपणाचे.

मधल्या काळातले पैसे: भांडवली नफा खाते

विक्री नोव्हेंबर 2025 मध्ये झाली, पण नाशिकच्या फ्लॅटचे बांधकाम चालू आहे आणि हप्ते पुढे दोन वर्षे जाणार आहेत. विवरणपत्र भरण्याची तारीख त्याआधीच येते. लेखापरीक्षण लागू नसलेल्या पगारदार-पेन्शनरांसाठी ती साधारणपणे 31 जुलै असते. तोवर जेवढे पैसे नव्या घरावर खर्च झालेले नाहीत, पण ज्यांच्यावर सूट मागायची आहे, तेवढे त्या तारखेच्या आत अधिकृत बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. ही योजना 1988 पासून चालू आहे. बचत खात्यासारखा ‘अ’ प्रकार आणि मुदत ठेवीसारखा ‘ब’ प्रकार असे तिचे दोन भाग आहेत. बिल्डरच्या हप्त्यांसाठी ‘अ’ सोयीचा, आणि लगेच न लागणारी रक्कम ‘ब’ मध्ये ठेवतात. व्याजावर दरवर्षी कर लागतो.

शिक्षिकाबाईंनी जुलै 2026 पर्यंत बिल्डरला 15 लाख दिले असतील, तर राहिलेले 25 लाख 31 जुलै 2026 च्या आत या खात्यात जायला हवेत. तेवढे केले की त्या वर्षाच्या विवरणपत्रात पूर्ण 40 लाखांची सूट मागता येते. पुढे हप्ता आला की ठरावीक अर्ज भरून पैसे काढायचे आणि काढल्यापासून 60 दिवसांच्या आत घरावर खर्च करायचे. खाते बंद करताना आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते, म्हणून घर पूर्ण झाल्यावरही थोडे दिवस हाताशी ठेवावेत.

तेच 25 लाख साध्या मुदत ठेवीत राहिले, तर ते नंतर घरातच गेले तरी वाद उभा राहतो, कारण कायद्याने सांगितलेल्या खात्यात ते वेळेत गेले नाहीत. आणि फ्लॅट अखेर 38 लाखांतच पडला तर खात्यात उरलेले 2 लाख 3 वर्षांची मुदत संपते त्या वर्षी, म्हणजे 2028-29 मध्ये, दीर्घकालीन नफा म्हणून करपात्र होतात.

खात्याच्या नजरेतून

30 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेच्या नोंदणीची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदार 1 टक्का कर कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरतो. आपल्या उदाहरणात असे 1 लाख रुपये कापले गेले असतील; कर शून्य आला तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराला 1 टक्क्याऐवजी साडेबारा टक्के, अधिभार आणि उपकर कापावा लागतो, आणि तो सहसा नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापला जातो. परदेशातून पुण्या-मुंबईतले घर विकणाऱ्यांनी म्हणूनच करारापूर्वीच आयकर खात्याकडे कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. नाहीतर मोठी रक्कम परताव्याच्या वाटेत अडकून राहते.

विवरणपत्रात भांडवली नफ्याचे परिशिष्ट असते. त्यात विक्रीची किंमत, रेडी रेकनरचे मूल्य, खरेदीचे वर्ष, खर्च, सुटीचे कलम, नव्या घराचा तपशील, खात्यात ठेवलेली रक्कम आणि तारीख हे सारे भरावे लागते. नफा शून्य होत असला तरी हे लिहावेच लागते. लिहिले नाही तर खात्याला विक्री दिसते, सूट दिसत नाही, आणि नोटीस येते. त्यासाठी जुने करारपत्र, सूची क्रमांक दोनचा उतारा, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, दलालीची पावती, रोख्यांचे प्रमाणपत्र, भांडवली नफा खात्याचे पासबुक आणि नव्या घराचे कागद एकाच जागी ठेवावेत. नव्या घराच्या ताब्यानंतर 3 वर्षे आणि रोख्यांची 5 वर्षे पुरी होईपर्यंत त्यांतले काहीही टाकू नये.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा 2025 च्या नव्या आयकर कायद्याने घेतली आहे. त्या तारखेनंतरच्या विक्रीसाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत: घरासाठी घराची सूट कलम 82 मध्ये, रोख्यांची कलम 85 मध्ये आणि प्लॉट किंवा इतर मालमत्ता विकून घर घेणाऱ्यांची कलम 86 मध्ये आहे. 1 वर्ष, 2 वर्षे, 3 वर्षे आणि 6 महिने या मुदती आणि सुटीची मूळ रचना मात्र तीच राहिली आहे. घर विकायचे ठरले की पहिले काम म्हणजे विक्रीची तारीख कागदावर मांडून या मुदतींच्या अखेरच्या तारखा तिच्यापुढे लिहिणे. रोख्यांची तारीख सर्वांत आधी येते, त्यानंतर बहुधा विवरणपत्राची आणि भांडवली नफा खात्याची, आणि घराची शेवटी. गुंतवणुकीचे निर्णयही त्याच क्रमाने घ्यावे लागतात.